जोसा आणि कॅप फेऱ्या: फ्रीझ, फ्लोट, स्लाइड, बेटरमेंट. मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगला जाणारी आपल्याकडची बरीच मुलं एकाच उन्हाळ्यात दोन प्रवेशप्रक्रियांमध्ये असतात. एनआयटी, ट्रिपल आयटीसाठी जोसा आणि राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी सेलची कॅप. दोन्हीकडे फेऱ्या असतात, पण दोन फेऱ्यांच्या मधले नियम वेगळे आहेत, आणि एकीकडचा नियम दुसरीकडे लावल्यामुळेच जास्त सीट हातच्या जातात. खालचे प्रश्न त्याच ठिकाणचे आहेत.

१. प्रत्येक कॉलेजला वेगळा अर्ज करायचाच नाही का? मग सीट ठरते कशी?

नाही. तुम्ही कॉलेज आणि शाखा यांच्या जोड्यांची एकच यादी भरता, पसंतीच्या क्रमाने. संगणक गुणवत्ता यादीतल्या प्रत्येकाच्या यादीवर वरून खाली येतो आणि जिथे त्या मुलाच्या क्रमांकाला, त्याच्या प्रवर्गात, पहिल्यांदा जागा सापडते तिथे त्याला बसवतो. एका फेरीत प्रत्येकाला एकच सीट मिळते. यादीत त्या सीटच्या खाली काय लिहिलं होतं, याला त्यानंतर काही अर्थ उरत नाही.

यातून एक गोष्ट पक्की होते. एखादं अवघड कॉलेज वर लिहिलं म्हणून खालचं सोपं कॉलेज हुकत नाही. “पहिल्या नंबरला मिळण्यासारखंच टाका, नाहीतर वाया जाईल” हा गावागावात दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे. वरची पसंती मिळाली नाही तर संगणक पुढच्या ओळीवर येतो आणि तिथे तुमचा दावा तुमच्या क्रमांकाइतकाच भक्कम असतो.

२. पहिल्या फेरीत सगळ्या जागा वाटल्या जातात. मग दुसऱ्या फेरीत जागा येतात कुठून?

सोडून दिलेल्या जागांतून. कोणी फी भरत नाही, कोणाचं प्रमाणपत्र तपासणीत अडकतं, कोणी माघार घेतं, कोणी वरच्या पसंतीला सरकतं आणि त्याची जुनी जागा मोकळी होते. ती जागा दुसऱ्याला गेली की त्याचीही जुनी जागा मोकळी होते. एका माघारीमागे अशी चार-पाच मुलं एकेक पायरी वर चढू शकतात. म्हणून पहिल्या फेरीतला कटऑफ पाहून “आता होत नाही” असं ठरवू नका. त्याच वेळी हेही लक्षात घ्या की मोठ्या कॉलेजातली कॉम्प्युटरची जागा फार थोडे सोडतात. तिथली हालचाल कमी असते, मेकॅनिकल, सिव्हिल, मेटलर्जीसारख्या शाखांमध्ये ती जास्त दिसते.

३. जोसाच्या स्क्रीनवर `Freeze`, `Float`, `Slide` असे तीन पर्याय येतात. फरक काय?

तिन्हींमध्ये मिळालेली सीट तुम्ही स्वीकारलेलीच असते. फरक पुढच्या फेरीत तुमच्या यादीतल्या कोणत्या ओळी जिवंत राहतात एवढाच आहे.

समजा लातूरच्या एका मुलीची यादी अशी आहे:

1. व्हीएनआयटी नागपूर, कॉम्प्युटर
2. व्हीएनआयटी, इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन
3. ट्रिपल आयटी पुणे, कॉम्प्युटर
4. व्हीएनआयटी, इलेक्ट्रिकल
5. ट्रिपल आयटी नागपूर, कॉम्प्युटर
6. व्हीएनआयटी, मेकॅनिकल
7. व्हीएनआयटी, सिव्हिल

पहिल्या फेरीत तिला सहावी पसंती, म्हणजे मेकॅनिकल, मिळाली. सातवी ओळ तिथेच संपली.

फ्रीझ केलं तर १ ते ५ याही ओळी संपतात आणि मेकॅनिकल कायम होते. फ्लोट केलं तर १ ते ५ या पाचही ओळी पुढच्या फेरीत पाहिल्या जातात. स्लाइड केलं तर त्याच संस्थेतल्या वरच्या ओळी पाहिल्या जातात, म्हणजे १, २ आणि ४. दोन्ही ट्रिपल आयटी बाजूला पडतात.

वरचं काहीच मिळालं नाही तर फ्लोटमध्येही आणि स्लाइडमध्येही मेकॅनिकलची सीट तिच्याकडेच राहते.

४. फ्लोट केलं आणि हातातली सीट गेली, असं ऐकलंय. खरं आहे का?

सीट जाते, पण फक्त वरच्या पसंतीची सीट मिळाल्यावर. तेव्हा जुनी सीट आपोआप रद्द होऊन पुढच्या मुलाला जाते आणि ती परत मागता येत नाही. “नवी नको, जुनीच द्या” असं सांगायला पोर्टलवर बटण नाही आणि कोणी अधिकारीही ते करून देऊ शकत नाही.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. मुलीने फ्लोट केलं. दुसऱ्या फेरीत तिला पाचवी पसंती, ट्रिपल आयटी नागपूरची कॉम्प्युटर, मिळाली. आता घरचे म्हणतात, “व्हीएनआयटीचं नाव मोठं, मेकॅनिकल का होईना, तेच बरं होतं.” मेकॅनिकल मात्र आता दुसऱ्याच्या नावावर आहे. इथे फ्लोटने फसवलं नाही. यादीत पाचवी ओळ सहावीच्या वर होती, म्हणजे घरानेच लिहून दिलं होतं की ट्रिपल आयटीची कॉम्प्युटर आम्हाला व्हीएनआयटीच्या मेकॅनिकलपेक्षा जास्त हवी. संगणकाने तेच केलं.

म्हणून खरा निर्णय फ्लोटच्या दिवशी नसतो, यादी लॉक करण्याच्या दिवशी असतो. लॉक करण्याआधी शेजारशेजारच्या दोन-दोन ओळी घ्या आणि घरात सरळ विचारा: या दोन्ही सीट आज समोर ठेवल्या तर कोणती उचलायची? उत्तर नेहमी वरच्या ओळीचं येत असेल तर फ्लोट करायला अजिबात भिऊ नका. एखाद्या जोडीला उत्तर उलटं आलं तर त्या दोन ओळी लगेच बदला, कारण लॉक झाल्यावर शेवटच्या फेरीपर्यंत हाच क्रम चालतो. लॉक करायचं राहिलं तर मुदत संपताना शेवटची सेव्ह केलेली यादी आपोआप लॉक होते. त्यामुळे अर्धवट यादी सेव्ह करून झोपू नका.

स्लाइडचा एक बारकावाही इथेच. ट्रिपल आयटी नागपूर मिळाल्यावर त्या मुलीने स्लाइड निवडलं तर काय होईल? तिच्या यादीत त्या संस्थेची दुसरी वरची ओळ नाही. म्हणून स्लाइडचा परिणाम फ्रीझसारखाच होईल आणि वरच्या चारही ओळी बंद पडतील.

५. फ्लोट केलं तर फी शेवटच्या फेरीनंतर भरायची ना?

नाही, आणि या समजुतीत दरवर्षी मुलं प्रक्रियेबाहेर जातात. तिन्ही पर्यायांत ऑनलाइन रिपोर्टिंग सारखंच असतं: पर्याय निवडा, कागदपत्रं अपलोड करा, सीट स्वीकृती शुल्क भरा आणि तपासणी अधिकाऱ्याने शंका काढली तर मुदतीत उत्तर द्या. चारपैकी एक जरी राहिलं तर सीट रद्द होते आणि पुढच्या फेऱ्यांतूनही नाव जातं.

सर्वात जास्त राहतं ते शंकेचं उत्तर. फी भरली, पावती आली, काम झालं असं समजून घर निवांत होतं. पोर्टलवर मात्र “प्रमाणपत्र अस्पष्ट, पुन्हा अपलोड करा” असा निरोप पडून असतो. कागदपत्रं मान्य झाल्याचं स्क्रीनवर दिसेपर्यंत सकाळ-संध्याकाळ लॉगिन करून पाहा. नेट कॅफेवाल्याच्या मोबाइल नंबरवर नोंदणी केली असेल तर निरोप त्यालाच जाईल. म्हणून नंबर घरचाच द्या.

हे शुल्क एकदाच भरायचं असतं. पुढच्या फेरीत वरची सीट मिळाली म्हणून ते पुन्हा भरावं लागत नाही.

६. फ्लोट निवडलं, आता मन बदललं. पुढच्या फेरीत फ्रीझ करता येईल?

येईल. फ्लोटवरून स्लाइड किंवा फ्रीझ, आणि स्लाइडवरून फ्रीझ, असं खाली उतरता येतं. फ्रीझवरून परत फ्लोटवर चढता येत नाही. म्हणून मनात थोडीही शंका असेल तर पहिल्या दिवशी फ्रीझ दाबू नका. फ्लोटवर राहिल्याने सीट सुरक्षितच राहते, आणि नंतर फ्रीझ करणं एका क्लिकचं काम आहे.

७. राज्याच्या कॅपमध्ये फ्लोट आणि स्लाइड दिसतच नाही. तिथलं बेटरमेंट म्हणजे तेच का?

जवळपास, पण तेच नाही. कॅपमध्ये दोनच वाटा आहेत: सीट फ्रीझ करणं, किंवा सीट स्वीकारून बेटरमेंटसाठी पुढच्या फेरीत जाणं. “फक्त याच कॉलेजात वरची शाखा द्या” असा स्लाइडसारखा वेगळा पर्याय नाही. तेच हवं असेल तर पुढच्या फेरीच्या ऑप्शन फॉर्ममध्ये फक्त त्याच कॉलेजच्या हव्या त्या शाखा भरायच्या.

मोठा फरक ऑप्शन फॉर्मचा आहे. जोसात एकच यादी सगळ्या फेऱ्यांना चालते. कॅपमध्ये प्रत्येक फेरीआधी ऑप्शन फॉर्म भरून कन्फर्म करण्याची संधी असते. संधी चांगली आहे, पण त्यातच चूक होते. नव्या फॉर्ममधून काहीही अलॉट झालं की हातातली सीट आपोआप रद्द होते. म्हणून बेटरमेंटला जाताना नव्या फॉर्ममध्ये फक्त हातातल्या सीटपेक्षा खरोखर जास्त हवं आहे तेवढंच लिहा. मागच्या वेळची शंभर पर्यायांची यादी तशीच पुन्हा भरू नका. तीन पर्यायच जास्त हवे असतील तर तीनच भरा. ते मिळाले नाहीत तर जुनी सीट राहते.

८. ऑटो फ्रीझ म्हणजे काय? आम्ही फ्रीझ केलंच नव्हतं, तरी सीट कायम कशी झाली?

2025-26 च्या इंजिनिअरिंग प्रवेशात कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि त्यात ऑटो फ्रीझचं जाळं फेरीगणिक मोठं होत गेलं. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ऑटो फ्रीझ. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही मिळाली तर ऑटो फ्रीझ. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही. चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम. ऑटो फ्रीझ झालेली सीट घ्यायची नसेल तर पुढच्या कॅप फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून हे आकडे आधी बघा, कारण यादी कशी लिहायची ते यावरच ठरतं.

कसं ते पाहू. परभणीच्या एका मुलाला पहिल्या फेरीत काहीच मिळालं नाही. दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरताना घाबरून त्याने पहिली दोन स्वप्नातली कॉलेजं ठेवली आणि तिसऱ्या ओळीवर घराजवळचं, हमखास मिळणारं कॉलेज टाकलं. नांदेडच्या एसजीजीएसमधल्या त्याला हव्या असलेल्या दोन शाखा चौथ्या आणि पाचव्या ओळीवर गेल्या. फेरी लागली आणि तिसरी ओळ मिळाली. ती पहिल्या तिनात असल्याने सीट कायम झाली. एसजीजीएस तिसऱ्या फेरीत मिळालं असतं की नाही, हा प्रश्नच संपला.

त्याने हमखास कॉलेज सहाव्या ओळीवर ठेवलं असतं तर तेही दुसऱ्या फेरीत मिळालं असतं आणि बेटरमेंटही शिल्लक राहिलं असतं. खाली ठेवल्याने सीट हुकत नाही, याचं कारण प्रश्न १ मध्ये आहे.

ट्यूशन फी वेव्हर, म्हणजे टीएफडब्ल्यूएस, भरणाऱ्यांनी आणखी एक मोजमाप करावं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ही सीट मागता येते, पण तिचा चॉइस कोड वेगळा असतो. एकाच कॉलेजची एकच शाखा टीएफडब्ल्यूएस आणि साधी अशी दोनदा लिहिली तर दोन ओळी खर्च होतात. पहिल्या तीन ओळी म्हणजे तीन कॉलेजं असं गृहीत धरू नका. ओळी मोजा.

९. अलॉटमेंटवर `GOPENH`, `GOPENO`, `LOPENS` असं लिहिलंय. माझी होम युनिव्हर्सिटी कोणती?

शेवटचं अक्षर पाहा. `H` म्हणजे होम युनिव्हर्सिटीची जागा, `O` म्हणजे होम युनिव्हर्सिटीबाहेरच्यांसाठीची, `S` म्हणजे राज्यस्तरीय. पहिलं `L` असेल तर मुलींसाठी राखीव, `G` असेल तर सर्वसाधारण.

मराठवाड्यात दोन विद्यापीठं असल्याने इथे नेहमी घोळ होतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे. ज्यांची दहावी-बारावी महाराष्ट्रात झाली त्यांच्यासाठी बारावी जिथून उत्तीर्ण झाली ते ठिकाण धरलं जातं, आधार कार्डावरचा पत्ता नाही. बीडचा मुलगा लातूरच्या ज्युनिअर कॉलेजातून बारावी झाला असेल तर त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडची. संभाजीनगरच्या खासगी कॉलेजात तो बाहेरचा ठरतो. मागच्या वर्षीचा कटऑफ पाहताना `H` ची ओळ पाहायची की `O` ची, हे यावरून ठरवा. चुकीची ओळ पाहून लावलेला अंदाज पूर्ण फसतो.

जोसात असंच राज्याचं आहे. व्हीएनआयटीच्या अर्ध्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांना, आणि महाराष्ट्रातलं कोण ते बारावीवरून ठरतं. हैदराबादला किंवा कोट्याला राहून तिथल्याच कॉलेजातून बारावी दिली असेल तर नांदेडच्या मुलालाही हा कोटा मिळत नाही.

१०. आमचं एसईबीसी प्रमाणपत्र आहे. ते जोसात चालेल का?

नाही. एसईबीसी आरक्षण राज्याच्या कायद्याचं आहे, केंद्रात तो प्रवर्ग नाही. जोसात असा विद्यार्थी ओपनमध्ये येतो, किंवा निकषात बसत असेल तर केंद्रीय नमुन्यातलं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र काढून त्या प्रवर्गात. ओबीसी असाल तर जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी पाहा, आणि नॉन क्रिमी लेयर प्रमाणपत्र केंद्रीय नमुन्यात, त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेलं असू द्या. तहसीलमधून राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र मिळालं आणि तेच जोसाला अपलोड केलं, तर तपासणीत शंका निघते (प्रश्न ५). कॅपसाठी उलट जात वैधता प्रमाणपत्र लागतं, जे जोसा मागत नाही. दोन्ही नमुने मे महिन्यातच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर रांगा लागतात.

११. जोसातली सीट धरून ठेवून कॅपमध्ये चांगलं मिळतंय का ते पाहता येईल?

दोन्हीकडे नोंदणी करता येते आणि जोसाची सीट ऑनलाइन स्वीकारल्याने कॅपचा हक्क जात नाही. अडचण वेळेची आहे. 2025 मध्ये जोसाची शेवटची फेरी जुलैच्या मध्यात झाली आणि कॅपचं पहिलं अलॉटमेंट जुलैअखेर लागलं. जोसातून पैसे परत मिळवून माघार घ्यायची मुदत शेवटच्या फेरीच्या आधीच संपते. म्हणजे कॅपमध्ये काय मिळणार हे कळण्याआधीच जोसाचा निर्णय घ्यावा लागतो.

तो आंधळेपणाने घेऊ नका. राज्याचा मेरिट नंबर हाती आला की मागच्या वर्षीच्या कॅपच्या पहिल्या फेरीच्या कटऑफशी तो ताडून पाहा, प्रश्न ९ प्रमाणे योग्य ओळ धरून. हवं ते कॉलेज पहिल्याच फेरीच्या कटऑफमध्ये आरामात बसत असेल तरच जोसातून माघारीचा विचार करा. “तिसऱ्या-चौथ्या फेरीत बसेल” अशा अंदाजावर हातातली एनआयटीची सीट सोडू नका. त्या फेऱ्यांची हालचाल दरवर्षी बदलते.

मूळ टीसी आणि गुणपत्रिका मात्र एकाच ठिकाणी जमा होऊ शकतात. एका कॉलेजात मूळ कागद दिल्यावर तिथला प्रवेश रद्द करूनच ते परत मिळतात, आणि त्यात काही दिवस जातात. दुसऱ्या प्रक्रियेची प्रत्यक्ष हजर होण्याची मुदत तेवढ्यात संपू शकते, हे कागद देण्याआधी तारखा समोर ठेवून मोजा.

१२. सगळ्या फेऱ्या झाल्या, काहीच मिळालं नाही. आता?

एनआयटी, ट्रिपल आयटीच्या उरलेल्या जागांसाठी सीएसएबीच्या विशेष फेऱ्या होतात. त्यांची नोंदणी वेगळी आणि यादीही नव्याने भरावी लागते. राज्यात कॅपनंतर उरलेल्या जागा संस्था पातळीवर भरल्या जातात. त्यासाठी त्या-त्या कॉलेजला वेगळा अर्ज करावा लागतो आणि तिथेही निवड गुणवत्तेनेच होते. अर्ज केल्याची पोच घेऊन ठेवा. आरक्षणातली फी सवलत कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला जशी लागू होते तशी इथे होईलच असं धरू नका. अर्ज देण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारा.

हातात आधीची सीट असताना या फेऱ्यांत उतरत असाल तर प्रश्न ७ मधलाच नियम ध्यानात ठेवा: नवीन सीट मिळाली की जुनी गेली.